समोरच्या गच्चीवरचा टॉवर

पुण्याहून आईचा फोन येतो: "समोरच्या गच्चीवर मोबाईलचा टॉवर लावलाय. घर बदलावं का रे?" इतक्या लांबून तुम्ही काय सांगाल? थोडं गणित करून बघूया.

टॉवरच्या रेडिओ लहरींमध्ये क्ष-किरणांसारखी रेणू फोडण्याची ताकद नसते. त्यांचा सिद्ध झालेला परिणाम एकच, शरीर तापणं. शरीराने दर किलोमागे 4 वॉट शोषले, तर तापमान साधारण एक अंशाने वाढतं. आयसीएनआयआरपी या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञमंडळाने सामान्य लोकांसाठी याच्या पन्नासावा भाग ही मर्यादा धरली. 900 मेगाहर्ट्झला ती होते दर चौरस मीटरला 4.5 वॉट. भारताने 2012 साली त्याचाही दहावा भाग, म्हणजे 0.45 वॉट, स्वीकारला. म्हणजे मर्यादा ही धोक्याची कडा नव्हे; कडा त्याच्या बरीच पलीकडे आहे.

आता आईचं घर. समजा, अँटेनाला 20 वॉट मिळतात आणि ती ते एका दिशेला एकवटते, त्यामुळे झोताच्या मध्यावर 1000 वॉटच्या दिव्याइतका जोर असतो. 50 मीटरवर हा जोर सुमारे 31,400 चौरस मीटरच्या गोलावर पसरलेला असतो. भागाकार करा: 0.03 वॉट. अशा दहा अँटेना एकाच दिशेला रोखल्या, तरी 0.32. अंतर दुप्पट झालं की आकडा चौथाई होतो. झोत जवळजवळ आडवा जात असल्याने टॉवरच्या अगदी खाली तो आणखी कमी असतो.

पण खिडकी झोताच्या समोर, त्याच उंचीवर आणि दहाच मीटरवर असेल, तर एकाच अँटेनाचे 0.8 वॉट होतात. भारताची मर्यादा इथे ओलांडली जाते. म्हणून आईला अंतर मीटरमध्ये विचारा आणि अँटेनाचं तोंड कुठे आहे तेही विचारा.

पुरावा काय सांगतो? ब्रिटनमध्ये 2010 साली कॅन्सर झालेल्या 1397 लहान मुलांची तुलना निरोगी मुलांशी केली. गरोदरपणी आई टॉवरच्या किती जवळ राहत होती, याचा आजाराशी संबंध आढळला नाही. 2011 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने रेडिओ लहरींना 'कदाचित कर्करोगकारक' म्हटलं खरं, पण त्यामागचा मर्यादित पुरावा कानाला फोन लावून खूप बोलणाऱ्यांचा होता, टॉवरशेजाऱ्यांचा नव्हता. दशकानुदशकांच्या परिणामांचा अभ्यास मात्र अजून अपुरा आहे.

तेव्हा आईला सांगा: टॉवर पन्नास मीटरवर असेल तर घर बदलू नकोस. अगदी समोर, त्याच उंचीवर असेल, तर दूरसंचार विभागाच्या 'तरंग संचार' पोर्टलवर मोजणीची मागणी कर. भीतीपेक्षा मोजलेला आकडा बरा.