पणतीची ज्योत आणि हललेला फोटो

त्रिपुरारी पौर्णिमेच्या पहाटे कोल्हापूरच्या पंचगंगा घाटावर हजारो पणत्या लागतात आणि फोटो काढणाऱ्यांची झुंबड उडते. त्या गर्दीत कॅमेरा नुकताच हाती आलेली एक महाविद्यालयीन विद्यार्थिनीही होती. घरी येऊन तिने फोटो मोठे करून पाहिले, तर बहुतेक सगळे धूसर. पण तिने ते पुसले नाहीत. एकेक फोटो का बिघडला, हे ती शोधत बसली.

पणत्यांच्या फोटोत हे कारण चटकन सापडतं. एका फोटोत प्रत्येक ज्योतीचा बारीक आकडा झाला होता, आणि सगळे आकडे हुबेहूब सारखे, एकाच बाजूला वळलेले. म्हणजे कॅमेरा धरलेला हात हलला. दुसऱ्यात घाटाची पायरी आणि रांगोळीच्या कडा स्वच्छ, फक्त पणती लावणाऱ्या बाईंचा हात फराटला होता. कॅमेरा स्थिर होता, हलल्या त्या बाई. तिसऱ्यात त्यांचा चेहरा पुसट, मागच्या दिव्यांची रांग मात्र रेखीव. ऑटोफोकसला उजेड-अंधाराची ठळक सीमा लागते. अंधारातल्या गालावर ती मिळाली नाही, म्हणून फोकस मागच्या दिव्यांवर जाऊन बसला.

पहिल्या फोटोची नोंद बोलकी होती: ५५ मिमी भिंग, अॅपर्चर ५.६, आयएसओ ८००, शटर १/१०. तिच्या कॅमेऱ्यावर ५५ मिमीला हातात धरून निदान १/८० तरी हवा. हेच भिंग १८ मिमीवर आणलं, की अॅपर्चर ३.५ पर्यंत उघडतं आणि अडीचपट प्रकाश आत येतो. आयएसओ १६०० केला, की १/५० मिळतो. रुंद भिंगात हाताची थरथरही कमी दिसते, त्यामुळे एवढा वेग पुरतो. मात्र जवळ जावं लागतं.

बाईंचा हात १/५० लाही फराटतोच. तिथे थांबणं हाच उपाय. वात पेट घेईपर्यंत हात क्षणभर स्थिरावतो, शटर तेव्हा दाबायचं.

पुढच्या वर्षी तिने फोकसचा एकच बिंदू निवडला, तो पणतीच्या उजळलेल्या काठावर ठेवला, बटण अर्धं दाबून धरलं आणि वाट पाहिली. गडद अंधारात तिने फारसे फोटो काढले नाहीत, कारण तेव्हा ज्योती पांढऱ्याफटक येतात आणि घाट काळा राहतो. सूर्योदयाच्या साधारण अर्धा तास आधी आकाश निळं होतं, पायऱ्यांचा दगड दिसू लागतो आणि ज्योतींचा पिवळेपणाही टिकून असतो. हा मेळ पंधरा-वीस मिनिटांचाच. पुढे दिवे फिके पडतात.

त्या फोटोंत चेहरा आणि बोटं नीट आली. वाऱ्याने झुकलेली ज्योत मात्र किंचित पसरली. ती तशीच राहू दिली, कारण वेग वाढवायला आयएसओ ६४०० केल्यावर नदीच्या काळ्या पाण्यात रंगीत दाणे उमटत होते.