टनाचा ठेका, घराचा ठेका

करार अर्ध्यात मोडला तर लवादापुढे काय होतं, ते या आठवड्यात सांगतो असं मागच्या लेखात म्हटलं होतं. ते आता पुढच्या वेळी. मधल्या काळात कुहीहून एका वाचकाचं पत्र आलं आणि त्यातल्या एका प्रश्नाने माझा अख्खा आठवडा घेतला. ते विचारतात, "आमच्यासारख्या लहान नगरपंचायतीत कचऱ्याचा ठेका वजनावर द्यावा, गाड्यांवर द्यावा की घरांवर? शेवटी पैसे तर तेवढेच जाणार."

पैसे तेवढेच जात नाहीत आणि काम तर मुळीच तेवढं होत नाही. सार्वजनिक-खासगी भागीदारीचा कुठलाही करार हाती आला की मी आधी देयकाचं कलम काढतो. कंपनी कोणती, मुदत किती, यंत्रं कुठली, हे नंतर. ठेकेदाराला पैसा कशावर मिळणार आहे हे कळलं की पुढच्या पाच वर्षांत तो काय करील आणि काय टाळील, याचा बराचसा अंदाज येतो.

वजनापासून सुरुवात करू, कारण मोठ्या शहरांत सर्वांत जास्त चालणारी पद्धत तीच. नागपुरातही घरोघरचा कचरा उचलून भांडेवाडीला नेण्याचे पैसे टनावर ठरलेले आहेत. गाडी भरून काट्यावर चढते, एकूण वजन होतं, रिकाम्या गाडीचं वजन त्यातून वजा होतं, उरलेलं निव्वळ वजन पावतीवर येतं. महिनाअखेर सगळ्या पावत्यांची बेरीज गुणिले दर. हिशेब सोपा आहे, लेखापरीक्षकालाही आवडतो. नागपुरातल्या कचऱ्यात माती आणि मलबा मिसळून वजन वाढवल्याच्या तक्रारी मात्र वर्तमानपत्रांत पुन्हा पुन्हा आल्या, आणि त्या एकाच ठेकेदाराच्या काळातल्या नाहीत. माणसं बदलली तरी तक्रार तीच राहते, तेव्हा दोष देयकाच्या कलमात शोधावा लागतो.

आता हे लहान गावाच्या मापात मांडून पाहू. समजा वस्ती 15 हजारांची आहे. लहान शहरांत माणशी रोजचा कचरा साधारण 200 ते 300 ग्रॅम धरतात. मधला आकडा 250 घेतला तर रोजचे पावणेचार टन. घंटागाडीचा हौदा साधारण 1.8 घनमीटरचा आणि आपल्याकडचा मिश्र कचरा घनमीटरला साडेचारशे किलोच्या आसपास भरतो, म्हणजे भरलेल्या गाडीत 800 किलो. रोजच्या पाच फेऱ्यांत गाव उरकतं.

आता प्रत्येक फेरीत हौद्याच्या तळाशी 200 किलो माती टाकली असं धरा. घमेल्यांत मोजली तर पंधरा-वीस घमेली. माती घनमीटरला तेराशे किलोच्या घरात भरते, त्यामुळे या 200 किलोंना जागा लागते जेमतेम 0.15 घनमीटर. तीन चौरस मीटरच्या तळावर हा दोन इंचांचा थर होतो. वरून ओला-सुका कचरा पडला की तो कुणालाही दिसत नाही. पाच फेऱ्यांचा मिळून रोज एक टन जादा. दर टनाला 1,500 रुपये धरला तर दिवसाचे 1,500, महिन्याचे 45 हजार, वर्षाचे जवळपास साडेपाच लाख. माती फुकटची, नाल्याच्या काठावरची. तिच्यासाठी वेगळी फेरीही करावी लागत नाही.

हे पकडायचं कसं? एका पावतीवरून कळत नाही, हे आधी सांगतो. माती घातलेली गाडी 940 किलोच्या आसपास भरेल आणि पावसाळ्यात भिजलेला कचराही तेवढा भरू शकतो. म्हणून एका गाडीवर बोट ठेवून आरोप करू नये. सरासरी मात्र लपत नाही. वस्ती तीच, फेऱ्या त्याच आणि माणशी कचरा 250 ग्रॅमवरून 315 ग्रॅमवर गेला, तोही कोरड्या मे महिन्यात, तर विचारायला जागा आहे. दुसरी खूण रिकाम्या वजनाची. पुष्कळ ठिकाणी ते वर्षातून एकदाच घेऊन नोंदवहीत कायमचं लिहिलेलं असतं. नोंदीत गाडी खरी आहे त्यापेक्षा हलकी दाखवली की प्रत्येक फेरीत तेवढा फरक कचरा म्हणून विकला जातो. त्यासाठी मातीचीही गरज नाही. उपाय इतकाच, की कचरा ओतून झाल्यावर प्रत्येक वेळी गाडी पुन्हा काट्यावर यावी. तिसरी खूण वेळेची. एकाच गाडीच्या दोन पावत्यांत पंचवीस मिनिटांचं अंतर असेल आणि वॉर्डात जाऊन भरून यायलाच तास लागत असेल, तर त्यातली एक फेरी कागदावरची आहे.

चौथा मार्ग सगळ्यात खात्रीचा आणि सगळ्यात कमी वापरला जाणारा. आठवड्यातून एक गाडी न सांगता निवडावी, कचरा फरशीवर ओतून फावड्याने पसरवावा. माती तळाशी होती ती ओतल्यावर वर येते. मुकादमाच्या अर्ध्या तासाचं काम आहे. ज्या ठिकाणी हे नेमाने होतं तिथे वजनाचा ठेकासुद्धा बऱ्यापैकी चालतो. पण ते नेमाने करायला नगरपंचायतीकडे स्वतःचा माणूस लागतो, आणि ठेका दिला की पहिली कपात नेमकी त्याच माणसावर येते.

मातीपेक्षाही वजनाच्या ठेक्यातलं दुसरं नुकसान मला अधिक खुपतं. घनकचरा व्यवस्थापनाच्या 2016 च्या नियमांनी घराघरांत कचरा वेगळा करायला सांगितला. घरी खत करणारं कुटुंब, भंगार स्वतः विकणारं कुटुंब, ओलं शेणखड्ड्यात टाकणारा शेतकरी ही गावासाठी चांगली गोष्ट. टनावर जगणाऱ्या ठेकेदारासाठी मात्र ती बुडालेली कमाई. तो लोकांना वेगळं करू नका असं सांगायला जाणार नाही, पण वेगळं करून दिलेलं एकाच हौद्यात टाकील. दोन कप्पे दोन वेळा रिकामे करायला वेळ जातो आणि वेळेचे पैसे त्याला कुणी देत नाही.

कुही-मांढळच्या वाचकांना हे मिरचीच्या सातऱ्यावरून लगेच समजेल. हंगामात सातऱ्यांवर बायका दिवसभर देठ खुडतात आणि संध्याकाळी देठांचा ढीग बाजूला पडतो. तो ढीग जागा खूप अडवतो, ठसका आणतो, पण वजनाला काहीच नसतो. ट्रॉली काठोकाठ भरून नेली तरी काटा फारसा हलत नाही. वजनावर पैसे घेणारी गाडी असा ढीग का उचलील? ती भाजीबाजारातला ओला कचरा आधी धरील आणि देठ कुणीतरी पेटवून देईपर्यंत तिथेच राहतील. मग धुराची तक्रार नगरपंचायतीकडे येते आणि करारात बघितलं तर ठेकेदाराने कुठलीही अट मोडलेली नसते.

गाड्यांवरचा ठेका थोडक्यात उरकतो. दरमहा गाडीमागे ठरावीक रक्कम दिली की गाडी हजर राहते, पण ती फिरलीच पाहिजे याची ओढ कुणाला नसते. डिझेल वाचलं की नफा वाढतो. जीपीएस बसवलं की गाडी फिरते, गल्लीच्या तोंडाशी थांबते आणि भोंगा वाजवून पुढे जाते.

घरांवरच्या ठेक्याचं आपल्याकडचं सर्वांत अभ्यासण्याजोगं उदाहरण पुण्यातल्या 'स्वच्छ' संस्थेचं आहे. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीतून उभी राहिलेली ही कचरावेचकांची सहकारी संस्था. 2008 मध्ये पुणे महापालिकेने तिच्याशी करार केला. कचरा घ्यायला येणाऱ्या सभासदाला घरानेच महिन्याचं शुल्क द्यायचं आणि सुक्यातलं विकता येण्याजोगं भंगार त्या सभासदाचं. महापालिका हातगाड्या, साहित्य आणि संस्थेच्या कामकाजाला मदत करते. तीन हजारांहून अधिक सभासद आज त्यावर जगतात. यात कचरा वेगळा करण्यात वेचणाऱ्या बाईचाच फायदा आहे, कारण ओल्यात भिजलेल्या पुठ्ठ्याला भाव येत नाही. घरचा कचरा कमी झाला तरी तिचं शुल्क कमी होत नाही. एक दिवस ती आली नाही तर घरमालकाला त्याच दिवशी कळतं, त्यासाठी काट्याची गरज पडत नाही.

जोखीम इथेही आहे, फक्त ती दुसऱ्याच्या खांद्यावर जाते. घराने पैसे थकवले तर खड्डा त्या बाईच्या मिळकतीत पडतो. लहान गावात भंगार कमी निघतं आणि घरं लांब लांब असतात, म्हणून पुण्याचा नमुना कुहीत जसाच्या तसा बसणार नाही.

पाण्यातही माप ठरवणं असंच सगळं ठरवतं. नागपूरच्या पाणीपुरवठ्याचं काम मार्च 2012 पासून 25 वर्षांसाठी ऑरेंज सिटी वॉटर या कंपनीकडे आहे. तिथे ठेकेदाराचा मोबदला शुद्ध केलेल्या पाण्यावर ठरवला नाही, ग्राहकांच्या बिलात आलेल्या पाण्यावर ठरवला. सुरुवातीचा दर हजार लिटरमागे 7 रुपये 90 पैसे. या एका निवडीला मी चांगले गुण देतो. शुद्ध केलेल्या पाण्यावर पैसे मिळाले असते तर गळतीचं पाणीही कमाईच ठरलं असतं. बिलावर मिळतात म्हणून गळकी नळजोडणी बदलणं, बंद मीटर काढणं आणि चोरटी जोडणी शोधणं त्याच्या हिताचं होतं. पण त्याच कलमाची दुसरी बाजू अशी की बिलातला प्रत्येक जादा हजार लिटर ठेकेदाराची कमाई वाढवतो, आणि मीटरही तोच बसवतो, वाचनही तोच घेतो. म्हणून मीटर जोरात पळतो अशी तक्रार आली की ती तपासायला ठेकेदाराबाहेरची, स्वतंत्र चाचणीची सोय करारात असायलाच हवी. तशी सोय नसेल तर लोकांचा मीटरवरचा विश्वास उडतो आणि बिलं थकतात.

पत्रलेखकाला माझं उत्तर असं. ठेका घरांवर द्या, पण शुल्क नगरपंचायतीने गोळा करून दर महिन्याला सेवा मिळालेल्या घरांच्या संख्येवर द्यावं, म्हणजे थकबाकीचा भार कचरा उचलणाऱ्यावर येणार नाही. रकमेचा काही भाग राखून ठेवा आणि ओला-सुका वेगळा पोहोचला तरच तो सोडा. सातरे, बाजार आणि मंगल कार्यालयं यांच्यासाठी फेरीमागे वेगळा दर ठेवा, तोही गाडीच्या आकारमानावर. काटा काढून टाकू नका. वजन रोज नोंदवा, फक्त त्यावर पैसे देऊ नका. पैसा जोडलेला नसला की काट्यावरचा आकडा खरा राहतो आणि पुढच्या निविदेला तोच उपयोगी पडतो.

कुही असो की दुसरं कुठलं गाव, आपल्या नगरपंचायतीच्या चालू कचरा ठेक्याची प्रत माहितीच्या अधिकारात मागवा. अर्जाला दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लागतं. अर्जात देयकाचं कलम आणि मागच्या तीन महिन्यांच्या काटा पावत्या असा स्पष्ट उल्लेख करा, नाहीतर नुसतं कामाच्या आदेशाचं एक पान हाती येईल. आलेले कागद मला पाठवलेत तर मी वाचून उत्तर देईन. लवादाचं प्रकरण पुढच्या आठवड्यात.