बोअरच्या पाण्यातलं लोह: रंगावरून आकड्याकडे

बोअरचं पाणी पंपातून येतं तेव्हा नितळ दिसतं. बादलीत थोडा वेळ ठेवलं की पिवळसर होतं आणि तळाशी तांबूस गाळ बसतो. जमिनीखाली ऑक्सिजन फारसा नसल्याने लोह तिथे फेरस, म्हणजे विरघळलेल्या रूपात राहतं. वर आल्यावर हवा लागली की त्याचं फेरिक होतं आणि हायड्रॉक्साइड बनून ते खाली बसतं. लिटरमागे ०.३ मिलिग्रॅमच्या वर लोह गेलं की कपड्यांवर डाग पडू लागतात. डाग दिसले म्हणजे लोह आहे एवढं कळतं. किती आहे हे सांगायला ऑर्थो-फिनँथ्रोलीन लागतं.

या रसायनाचे तीन रेणू एका फेरस आयनाला घेरतात आणि गडद नारिंगी रंग उमटतो. हा रंग ५१० नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवा प्रकाश शोषतो. किती प्रकाश शोषला, तेवढं स्पेक्ट्रोफोटोमीटर मोजतो. फेरिक लोह मात्र हा नारिंगी रंग देत नाही. बाटली प्रयोगशाळेत पोचेपर्यंत बरंचसं लोह फेरिक झालेलं असतं, त्यामुळे एकूण लोह हवं असेल तर ते आधी परत फेरसवर आणावं लागतं.

त्याचीही सुरुवात विहिरीपाशीच होते. नमुना भरतानाच बाटलीत थोडं शुद्ध आम्ल घालायला हवं. नाहीतर गाळ बाटलीच्या भिंतीला चिकटतो, वरचं स्वच्छ पाणी तपासलं जातं आणि अहवालात लोह कमी येतं.

प्रयोगशाळेत बाटली हलवून २५ मिलिलिटर नमुना घेतात. त्यात २ मिलिलिटर तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल आणि १ मिलिलिटर दहा टक्के हायड्रॉक्सिलअमाइन हायड्रोक्लोराइड घालून साधारण १५ मिलिलिटर उरेपर्यंत उकळतात. आम्लाने गाळ विरघळतो आणि हायड्रॉक्सिलअमाइन फेरिकचं फेरस करतं. थंड झाल्यावर सगळं ५० मिलिलिटरच्या फ्लास्कमध्ये धुऊन घेतात. मग १० मिलिलिटर अमोनियम अॅसिटेटचं बफर, ४ मिलिलिटर ०.१ टक्का फिनँथ्रोलीन, आणि खुणेपर्यंत डिस्टिल्ड वॉटर. दहा मिनिटं थांबून मापन करतात.

हा क्रम बदलून चालत नाही. आम्लपणा उतरवला की फेरिक पुन्हा बसायला बघतं, म्हणून क्षपण आधी आणि बफर नंतर. बफरची मात्राही त्या २ मिलिलिटर आम्लाच्या हिशेबाने ठरलेली आहे. बफरमधलं अॅसिटेट आम्ल शोषून घेतं आणि पीएच ३ ते ३.५ च्या दरम्यान येऊन थांबतो. कुणी सढळ हाताने दुप्पट आम्ल ओतलं तर अॅसिटेट पुरत नाही. मग फिनँथ्रोलीनला लोहाऐवजी प्रोटॉनच चिकटतात आणि रंग फिका, रेंगाळत येतो. दहा मिनिटांनंतरही आकडा चढतच असेल, तर फ्लास्कमधला एक थेंब पीएच कागदावर टाकून पाहावा.

आता मोजपट्टी, म्हणजे कॅलिब्रेशन. फेरस अमोनियम सल्फेट ०.७०२ ग्रॅम घेऊन किंचित आम्लयुक्त एक लिटर पाण्यात विरघळवलं की लिटरमागे १०० मिलिग्रॅम लोह होतं. ते दहापट सौम्य करायचं. त्यातले ०, १, २, ५ आणि १० मिलिलिटर वेगवेगळे घेऊन नमुन्याप्रमाणेच आम्ल, उकळणं, बफर, सगळं करायचं. फ्लास्कमध्ये ० ते २ मिलिग्रॅम प्रतिलिटरची पायरी तयार होते. शून्याच्या फ्लास्कला कमी लेखू नये. चांगल्या प्रतीच्या अमोनियम अॅसिटेटमध्येही लोहाचा अंश असतो, म्हणून बफरची नवी बाटली केली की मोजपट्टीही नव्याने काढावी लागते.

समजा, एक सेंटिमीटरच्या क्युव्हेटमध्ये दर मिलिग्रॅममागे शोषण ०.१९८ ने वाढतं आणि शून्याचा फ्लास्क ०.००४ दाखवतो. नमुन्याचं शोषण ०.२४२ आलं. त्यातून ०.००४ वजा करून ०.१९८ ने भागलं की १.२० मिलिग्रॅम प्रतिलिटर. पण हे फ्लास्कमधलं. २५ चे ५० मिलिलिटर झाले होते, म्हणून मूळ पाण्यात २.४. हा गुणाकार विसरून उत्तर निम्मं लिहिणं ही या पद्धतीतली सगळ्यात सोपी चूक.

फार गढूळ पाण्यात वेगळीच गफलत होते. १ मिलिलिटर फिनँथ्रोलीन साधारण ०.१ मिलिग्रॅम लोहालाच पुरतं, म्हणजे ४ मिलिलिटर ०.४ मिलिग्रॅमला. लोह त्याहून जास्त असेल तर रंग वाढायचा थांबतो आणि पाणी आहे त्यापेक्षा चांगलं ठरतं. तांबं आणि जस्तही फिनँथ्रोलीनवर हक्क सांगतात. शंका आली की नमुना निम्मा घेऊन पाहावं. मूळ पाण्याचं उत्तर तेच यायला हवं. ते वाढलं, तर पहिल्या वेळी फिनँथ्रोलीन कमी पडलं होतं. दुसरा उपाय म्हणजे त्याच नमुन्याच्या आणखी एका भागात दहापट सौम्य केलेल्या द्रावणाचा १ मिलिलिटर सुरुवातीलाच घालणं. शोषण ०.०४ च्या आसपास वाढलं पाहिजे. ०.०२ च वाढलं, तर त्या पाण्यात काहीतरी रंग दाबतंय आणि २.४ हा आकडाही कमीच असणार.