टायर उतरवायचा दिवस

सकाळी 6. बांधीत पाणी साचलं, पऱ्हे वीतभर झाले, की आंधळगावच्या शिवारात ट्रॅक्टरला लोखंडी चाकं चढतात. चिखलणी होईपर्यंत मागचे दोन्ही रबरी टायर बिनकामाचे. पण त्यांना गोठ्याच्या भिंतीला टेकवून विसरलं, तर नवीन जोडी घ्यायचा खर्च लवकर दारात येतो.

सकाळी 7. बांधालगतच्या टणक जागेवर जॅकखाली फळी, पुढच्या चाकांना दगड. टायरात वजनासाठी भरलेलं पाणी आधी काढायचं. 13.6-28 च्या टायरात ते दोनशे लिटरांच्या आसपास असतं. चाक उचलल्यावर व्हॉल्व्ह खाली आणून पिन काढली, की पाण्याची धार लागते. घाईत हे टाळलं, तर पाण्याने भरलेलं चाक ढकलताना चार माणसं कमी पडतात.

सकाळी 10. चाकं छोट्या टेम्पोतून घरी. आता धुवायची, साधं पाणी आणि नरम ब्रश पुरे. रबराला कधी कधी तपकिरी झाक दिसते. ती खरवडू नका. रबरात मिसळलेलं मेण आणि इतर द्रव्यं तिथे वर येतात आणि हवेतल्या ओझोनपासून बाजूची भिंत वाचवतात. टायर फिरता असेल तर हा थर पुन्हा पुन्हा तयार होतो, पडून राहिला की होत नाही. म्हणूनच उभ्या गाडीच्या टायरला लवकर भेगा पडतात. चमकवायला डिझेल किंवा ऑइल चोळणारे बरेच आहेत. त्याने रबर फुगतं आणि मऊ पडतं.

दुपारी 1. जागा ठरवायची. सपरीत पावसाचे शिंतोडे आणि दुपारचं ऊन, दोन्ही येतात. कोठ्यात युरियाची पोती आणि डिझेलचा कॅन. मोटार आणि वेल्डिंगचा कोपरा तर मुळीच नको, कारण ठिणगी पडते तिथे ओझोन तयार होतो. उरली धान्याची आतली अंधारी खोली. तीच बरी, फक्त उंदरांचा बंदोबस्त आधी करा.

दुपारी 3. रिमसकट चाकं फळ्यांवर आडवी, एकावर एक. हवा 10 ते 15 पौंड, म्हणजे टायर रिमवर नीट बसून राहील इतकी. वरून जाड गोणपाट. प्लास्टिक गुंडाळायचं तर टायर पूर्ण कोरडा हवा, नाहीतर आत दमट होऊन रिमला गंज धरतो.

संध्याकाळी 5. ट्रॉलीचा सुटा, रिम नसलेला टायर मात्र उभाच ठेवतात आणि महिन्याला थोडा फिरवतात. आडवा रचला, तर वरच्यांच्या वजनाने खालचा चपटतो. त्याला उघड्यावर ठेवाल, तर आत पाणी साचून डेंग्यूचे डास होतील.

आत ठेवण्याआधी टायरच्या बाजूवरच्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे वहीत लिहा. 2319 असेल, तर टायर 2019 च्या तेविसाव्या आठवड्यात बनला आहे. रबर चांगलं दिसलं तरी वय तिथूनच मोजा.