जुनी बिलं किती वर्षं ठेवायची आणि गिऱ्हाइकांची माहिती कधी पुसायची?

आपल्या अनेक घरांत आता एक छोटा धंदा चालतो. कुणी अबाया आणि सूट शिवून देतं, कुणी अत्तर विकतं, कुणी ईदच्या आधी शीरखुर्म्याच्या सामानाचे डबे पाठवतं. ऑर्डर व्हॉट्सअ‍ॅपवर येते, पत्ता व्हॉट्सअ‍ॅपवर येतो, पैसे मोबाईलवर येतात. चार-पाच वर्षांनी त्या फोनमध्ये शेकडो बायकांची नावं, नंबर, घरचे पत्ते, अंगाची मापं आणि कपडे घालून पाठवलेले फोटो साठलेले असतात. मग एक दिवस फोन जुना होतो. तो भाच्याला दिला जातो किंवा दुकानात देऊन नवा घेतला जातो. ऑर्डरची वही रद्दीत जाते आणि तिच्या पानांत कोपऱ्यावरचा भजीवाला भजी बांधून देतो.

याच्या उलटही होतं. कुणी घाबरून सगळं साफ करतं, बिलंसुद्धा. दोन वर्षांनी जीएसटी कार्यालयाची नोटीस येते आणि दाखवायला कागद नसतो.

या दोन्ही चुकांचं मूळ एकच आहे. आपण बिल आणि ऑर्डर एकच समजतो. बिल हा सरकारला द्यायच्या हिशोबाचा कागद आहे. ऑर्डरमधली माहिती ही आपल्या कामापुरती गिऱ्हाइकानं विश्वासानं दिलेली अमानत आहे. दोघांची मुदत वेगळी, त्यामुळे दोघांची जागाही वेगळी असायला हवी.

बिलांची मुदत

जीएसटी नोंदणी असलेल्या धंद्यासाठी नियम स्पष्ट आहे. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिशोबाची कागदपत्रं त्या वर्षाचं वार्षिक विवरणपत्र भरण्याच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने ठेवावी लागतात. मुदत बिलाच्या तारखेपासून मोजली जात नाही, इथेच बहुतेकांचा घोळ होतो.

उदाहरण घेऊ. बिल ऑक्टोबर २०२४ चं आहे, म्हणजे आर्थिक वर्ष २०२४-२५. त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राची शेवटची तारीख ३१ डिसेंबर २०२५. तिथून ७२ महिने, म्हणजे ३१ डिसेंबर २०३१. सहा वर्षं म्हणून ऑक्टोबर २०३० मध्ये हे बिल टाकून दिलं, तर सव्वा वर्ष आधीच टाकलं असं होईल. छोट्या धंद्याला वार्षिक विवरणपत्र भरण्यापासून सूट असली, तरी मुदत मोजायची ती याच तारखेपासून. अपील किंवा चौकशी चालू असेल, तर तिचा अंतिम निकाल लागल्यावर आणखी एक वर्ष किंवा ही ७२ महिन्यांची तारीख, यांपैकी जी नंतर येईल तोपर्यंत कागद जपायचा.

आमचा सल्ला सोपा आहे. आर्थिक वर्ष संपल्यापासून पूर्ण सात वर्षं धरा. २०२४-२५ ची बिलं ३१ मार्च २०३२ पर्यंत. जीएसटीची मुदत त्यात बसते आणि दरवर्षी एकच तारीख लक्षात ठेवावी लागते. जीएसटी नोंदणी नसेल तर कलम ३६ लागू होत नाही, पण आयकराचा प्रश्न नंतर कधीही निघू शकतो. म्हणून त्या घरांनीही हाच हिशोब ठेवलेला बरा.

एक गोष्ट मात्र कधी करू नये. फाईल केलेल्या जुन्या बिलांत खाडाखोड करून नंबर-पत्ते पुसायला बसू नका. जीएसटीच्या नियमांत हिशोबाच्या नोंदी खोडायला मनाई आहे, आणि बिलांचे क्रमांक वर्षभर ओळीनं चालावे लागतात. मधलं एक बिल गायब झालं की तपासणाऱ्याचा पहिला प्रश्न त्याच क्रमांकाचा असतो.

मग बिलावर लिहायचं काय?

जे बिलावर लिहिलं ते सात वर्षं तिथून हलणार नाही. म्हणून लिहितानाच हात आखडता घ्यायचा.

नोंदणी नसलेल्या साध्या गिऱ्हाइकाचं बिल ५० हजार रुपयांपेक्षा कमी असेल, तर त्यानं मागितल्याशिवाय नाव-पत्ता बिलावर घालण्याची सक्ती साधारणपणे नसते. ५० हजार किंवा त्याहून जास्त असेल तर नाव आणि पत्ता लागतोच. मोबाईल नंबर, माप, जन्मतारीख, फोटो यांची गरज बिलाला कधीच नसते. तरीही अनेक जण बिलाच्या कोपऱ्यात ‘छाती ३८, लांबी ५६’ असं लिहून ठेवतात, म्हणजे शिवताना सोपं जावं. शिवण्यासाठी वेगळी चिठ्ठी करा. तिच्यावर नावाऐवजी फक्त बिल क्रमांक लिहा.

ऑर्डरच्या माहितीची मुदत

इथे विचार उलटा चालतो. ‘किती दिवस ठेवलीच पाहिजे’ याऐवजी ‘आता हिचं काम उरलं आहे का’ असं विचारायचं. २०२३ चा डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा हेच सांगतो. ज्या कामासाठी माहिती घेतली ते काम संपलं, किंवा माणसानं संमती मागे घेतली, की माहिती पुसायची. दुसऱ्या कायद्यानं ठेवायला लावलेली असेल तेवढीच राहील. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले आणि धंद्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतात. घरचा धंदा छोटा आहे म्हणून तो यातून आपोआप सुटत नाही.

त्याच नियमांत माहिती आणि तिच्या नोंदी किमान एक वर्ष ठेवण्याचीही अट आहे. म्हणून आम्ही मुदती अशा धरतो.

मापं आणि फोटो: शेवटच्या ऑर्डरनंतर एक वर्ष. ‘पुढच्या ईदलाही याच मापानं शिवा’ असं गिऱ्हाइकानं स्वतः सांगितलं असेल, तरच त्यापुढे.

नंबर, पत्ता, कुरिअरची पावती: माल पोहोचल्यापासून दोन वर्षं. ग्राहक आयोगाकडे तक्रार करायची मुदत साधारण दोन वर्षांची आहे. माल पोहोचल्याचा पुरावा तोवर हाताशी हवा.

उधारी: पैसे येईपर्यंत. विकलेल्या मालाच्या पैशांसाठी दावा करण्याची मुदत साधारण तीन वर्षं असते, त्यामुळे त्या गिऱ्हाइकाचं नाव आणि नंबर तोवर ठेवायचे.

एक ऑर्डर घेऊन पाहू

समजा, ऑक्टोबर २०२४ मध्ये एका मुलीनं निकाहसाठी दोन सूट शिवून घेतले. बिल ३,२०० रुपये, पैसे पूर्ण मिळाले, माल नोव्हेंबरमध्ये पोहोचला. फेब्रुवारी २०२६ मध्ये तिचा मेसेज येतो, ‘आपा, माझा नंबर, फोटो आणि मापं काढून टाका.’

आधी दोन गोष्टी बघायच्या. उधारी बाकी आहे का? नाही. काही तक्रार चालू आहे का? नाही. एक वर्षही उलटलं आहे. म्हणजे मापं, फोटो, नंबर आणि पत्ता सगळं जाईल. बिल राहील.

आता ही माहिती कुठे कुठे आहे ते शोधायचं. खरं काम हेच, आणि अर्धवट राहतं तेही इथेच.

व्हॉट्सअ‍ॅपमधली चॅट पुसताना तिच्यातले फोटो आणि फाईलीही पुसायचा पर्याय निवडा. मग फोनची गॅलरी उघडून पाहा, कारण आलेले फोटो बहुतेकदा तिथेही उतरलेले असतात. गॅलरीतून पुसलेला फोटो आधी कचरापेटीत जातो. गुगल फोटोजमध्ये बॅकअप झालेला फोटो तिथे ६० दिवस राहतो. ती पेटी रिकामी करा. त्यानंतर व्हॉट्सअ‍ॅपचा नवा बॅकअप घ्या, नाहीतर जुन्या बॅकअपमधून तीच चॅट नव्या फोनमध्ये परत येईल.

ऑर्डरची यादी गुगल शीटमध्ये असेल, तर रकाना रिकामा करून भागत नाही. `Version history` उघडलं की जुना मजकूर जसाच्या तसा दिसतो. यावर उपाय असा की रकाने रिकामे केल्यावर `Make a copy` करून नवी शीट घ्यायची, जुनी शीट टाकून द्यायची आणि ड्राइव्हची कचरापेटीही रिकामी करायची. नव्या प्रतीत जुना इतिहास येत नाही. तिच्या ओळीत बिल क्रमांक, तारीख, वस्तू आणि रक्कम एवढंच उरेल. हिशोब जुळायला तेवढं पुरतं.

नंबर कॉन्टॅक्टमध्ये सेव्ह असेल तर तिथूनही काढा. शिवणाऱ्या बाईला माप फॉरवर्ड केलं असेल तर तिलाही पुसायला सांगा. हे सहसा कुणाच्या लक्षात राहत नाही. वहीतलं पान असेल तर ते बारीक फाडा, रद्दीत अख्खं देऊ नका.

शेवटी तिला खरं ते कळवा. ‘तुमचा नंबर, पत्ता, फोटो आणि मापं आमच्याकडून काढली. बिल कायद्यानं ठेवावं लागतं, ते ३१ मार्च २०३२ नंतर नष्ट करू. कुरिअर आणि पैसे पाठवायच्या अ‍ॅपकडच्या नोंदी आमच्या हातात नाहीत.’ ‘सगळं पुसलं’ असं लिहू नका, कारण तसं झालेलं नसतं.

पुसलं गेलं की नाही, हे तपासायची पद्धत सोपी आहे. तिचा पूर्ण नंबर आणि त्याचे शेवटचे पाच आकडे, असं दोन्ही फोनमध्ये, मेलमध्ये आणि ड्राइव्हमध्ये शोधा. कुठेही काही निघालं नाही तर काम झालं.

फोन बदलताना

मेमरी कार्ड आणि सिम आधी काढून घ्या. फोन रिसेट केला तरी कार्डावरचं पुसलं जात नाही. मग गुगल खातं काढून फॅक्टरी रिसेट करा. अलीकडच्या अँड्रॉइड फोनमधली माहिती कुलूपबंद स्वरूपात साठवलेली असते आणि रिसेट केल्यावर त्या कुलपाची किल्लीच नष्ट होते. खूप जुन्या फोनबद्दल एवढी खात्री देता येत नाही. तसा फोन विकण्यापेक्षा घरातच ठेवलेला बरा.

आणि दरवर्षी एप्रिलमध्ये एक दुपार राखून ठेवा. मुदत संपलेल्या वर्षाच्या बिलांचा गठ्ठा बाहेर काढा, त्यातलं काही वादात नाही ना ते पाहा आणि फाडून टाका. त्याच दुपारी वर्षाच्या पुढची मापं आणि फोटो, आणि दोन वर्षांपुढचे पत्ते आणि नंबर काढा. काय पुसलं आणि कोणत्या तारखेला, याची एक ओळ वहीत लिहा. त्या ओळीत गिऱ्हाइकांची नावं मात्र लिहू नका.