बॅनरवरच्या फोटोला फेटा बांधताना आणि शाल पांघरताना



शाळेत कुणाचा सत्कार असला की बॅनर करायचं काम शेवटी संगणक येणाऱ्या शिक्षकाकडेच येतं. फोटो असतो साधा, शर्टातला, आणि फर्माईश असते, "सरांना फेटा घाला, खांद्यावर शाल टाका, जरा भारदस्त दिसू दे."

आमच्या मुख्याध्यापकांच्या निवृत्तीच्या वेळी मीही असंच केलं. नेटवरून फेट्याचं चित्र घेतलं, डोक्यावर ठेवलं, कपाळाएवढं लहानमोठं केलं आणि झालं म्हणालो. नमुना प्रिंट फलकावर लावला तर पाचवीतली एक मुलगी मैत्रिणीला विचारत होती, "सरांच्या डोक्यावर टोपली का ठेवली गं?" मला हसू आलं नाही. ज्या माणसाने तीस वर्षं शाळा सांभाळली, त्याचं निरोपाच्या दिवशी हसं होणार होतं, आणि तेही माझ्या हातून. कार्यक्रमाला दोन दिवस होते. ते बॅनर मी पुन्हा केलं. तेव्हा काय चुकलं आणि कसं दुरुस्त झालं, ते सविस्तर सांगतो.

मी फोटोशॉप वापरतो. ब्राउझरमध्ये मोफत चालणाऱ्या फोटोपीतही बहुतेक आज्ञा याच नावांनी मिळतात.

आधी फोटो वाचा

फेटा म्हणजे डोक्याभोवती फिरलेलं लांब कापड. त्याचे पीळ डोक्याला गोल वेढा घालतात. बांगडी डोळ्यांसमोर धरून वर-खाली करून पाहा. डोळ्यांच्या पातळीपेक्षा बांगडी वर नेली तर तिची जवळची कड कमानीसारखी दिसते, मध्ये उंच आणि टोकांना खाली. बांगडी खाली आणली तर तीच कड झोळीसारखी दिसते, मध्ये खाली आणि टोकांना वर. फेट्याच्या कपाळावरच्या कडेचंही तसंच होतं. कॅमेरा कुठून बघतो आणि मान किती झुकली आहे, यावर ती कमान होते की झोळी, हे ठरतं.

फोटोत हे ओळखायला कान बघायचे. दोन्ही डोळ्यांतून एक आडवी रेघ मनात ओढा. कान त्या रेघेच्या मानाने नेहमीपेक्षा वर सरकलेले दिसले, तर मान खाली झुकलेली आहे किंवा फोटो वरून काढलाय. अशा वेळी कड झोळीसारखी हवी. कान खाली उतरलेले दिसले तर कमानीसारखी. चष्मा असेल तर काम आणखी सोपं, कारण चष्म्याच्या दांड्या कानाकडे जाताना चढतात की उतरतात, ते लगेच दिसतं.

आमचे सर व्हरांड्यात खुर्चीवर बसलेले होते आणि फोटो काढणारा उभा होता. त्यामुळे चष्म्याच्या दांड्या कानाकडे चढत होत्या. म्हणजे कड झोळीसारखी हवी होती. मी घेतलेला फेटा मात्र समोरून, डोळ्यांच्या पातळीवरून काढलेला होता आणि त्याची कड कमानीसारखी होती. डोकं एका दिशेने बघत होतं, फेटा दुसऱ्या. त्या मुलीला टोपली दिसली ती यामुळे.

आणखी दोन गोष्टी बघून ठेवा. एक, डोकं बाजूला किती कललंय. Ruler Tool ने एका बाहुलीपासून दुसऱ्या बाहुलीपर्यंत रेघ ओढली की वरच्या पट्टीवर कोन दिसतो. सरांच्या फोटोत तो ५ अंश होता. दोन, उजेड कुठून येतोय. नाकाची सावली ज्या बाजूला पडते, उजेड तिच्या विरुद्ध बाजूने येतो. सरांवर आपल्या डाव्या हाताने उजेड होता.

फेट्याचा फोटो स्वतः काढा

अर्धं काम इथेच होतं. आमच्या शाळेतले एक सहकारी साधारण सरांच्याच अंगाचे आहेत. त्यांना त्याच व्हरांड्यात, त्याच खुर्चीवर, त्याच वेळी बसवलं. फेटा बांधणाऱ्याकडून खरा कोल्हापुरी फेटा बांधून घेतला आणि मी उभं राहून फोटो काढला. मान तेवढीच झुकवायला आणि चेहरा तेवढाच वळवायला सांगितलं. आठ-दहा फोटोंपैकी एकाची कड जवळजवळ जुळली.

फोटो व्हॉट्सॲपवर साधा पाठवू नका, तो लहान होतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. आमचं बॅनर ६ बाय ४ फुटांचं होतं. ७२ पीपीआयने ते ५१८४ बाय ३४५६ पिक्सेल होतं. त्यात सरांचा फोटो २ फूट उंच, म्हणजे १७२८ पिक्सेल. फेटा आणि चेहरा दोन्ही त्या मापाला पुरले पाहिजेत. नाहीतर एक धूसर आणि दुसरा लख्ख दिसतो, आणि चिकटवलेलं आहे हे लांबूनही कळतं.

फेटा डोक्यावर बसवताना

फेटा कापून वेगळ्या लेयरवर आणा आणि Layer > Smart Objects > Convert to Smart Object करा, म्हणजे कितीही वेळा बदल केला तरी मूळ चित्र खराब होत नाही. माप घेताना फेट्याची बाहेरची रुंदी बघू नका. खालची कड कपाळाला जिथे टेकते, तिथली रुंदी जुळवा. कापडाला जाडी असते, म्हणून फेटा डोक्यापेक्षा दोन्ही बाजूंना बाहेर यायलाच हवा. मी पहिल्यांदा तो डोक्याएवढाच केला होता. फेट्याची कड भुवयांच्या वर साधारण दोन बोटं ठेवा आणि डोकं जेवढं कललंय तेवढाच फेटाही फिरवा.

आता Edit > Transform > Warp. जाळीचा खालचा मधला भाग थोडा खाली ओढला की कड झोळीसारखी होते. पण फक्त कडच ओढून थांबू नका. वरचे पीळही त्याच वळणाने, हळूहळू कमी होत गेले पाहिजेत. चेहरा एका बाजूला वळलेला असेल तर लांबच्या बाजूचे पीळ एकमेकांजवळ येतात आणि जवळच्या बाजूचे मोकळे दिसतात. सरांचा चेहरा आपल्या उजवीकडे वळला होता, म्हणून मी जाळीच्या मधल्या उभ्या रेघा थोड्या उजवीकडे सरकवल्या.

याला मर्यादा आहे. जाळी थोडंच वळण देऊ शकते. चेहरा बराच वळलेला असेल तर फेट्याची जी बाजू फोटोत आलीच नाही, ती ओढून येत नाही. पीळ रबरासारखे ताणलेले दिसायला लागले की थांबा आणि नवीन फोटो काढा.

मग फेट्याबाहेर डोकावणारे केस मास्क लावून झाका, कारण खरा फेटा केस दाबून टाकतो. शेवटी कपाळावरची सावली. फेट्याखाली नवीन लेयर घ्या, त्याचा मोड Multiply करा. रंग काळा नको, चेहऱ्यावरच्याच सावलीतला तपकिरी रंग उचला. कडेला लागून एक बारीक गडद रेघ आणि तिच्या खाली एक रुंद, फिकट पट्टा. उजेड डावीकडून असेल तर पट्टा उजवीकडे जरा जास्त. ही सावली नसेल तर बाकी सगळं जुळूनही फेटा तरंगतो.

शाल मात्र जमिनीचं ऐकते

पहिल्या बॅनरमध्ये माझी दुसरी चूक शालीत होती. डोकं ५ अंश कललं होतं, म्हणून मी फेट्याबरोबर शालही ५ अंश फिरवली. सर जणू वाऱ्यात उभे आहेत असं दिसत होतं.

फेटा डोक्याला बांधलेला असतो, म्हणून तो डोक्याबरोबर कलतो. शाल नुसती टेकलेली असते. मानेपासून खांद्याच्या टोकापर्यंत ती खांद्याच्या उताराने जाते. खांद्याचं टोक संपलं की तिला धरणारं काही नसतं, मग ती सरळ जमिनीकडे पडते. माणूस कितीही कललेला असो, लोंबणारे काठ उभेच राहतात. भिंतीवरच्या खुंटीला टॉवेल अडकवून पाहा. चुण्या खुंटीपासून सुरू होतात आणि खाली पसरतात. शालीच्या खुंट्या तीन: मानेचं मूळ, खांद्याचं टोक आणि हात वाकवला असेल तर कोपर. प्रत्येक चुणी यांपैकी एका जागेपासून निघाली पाहिजे. छातीच्या मध्येच उगवलेली चुणी खोटी वाटते.

म्हणून शालीचे तीन तुकडे करा: डावा, उजवा आणि मानेमागचा. मानेमागचा तुकडा बहुतेक जण विसरतात. तो माणसाच्या लेयरखाली ठेवायचा. तो नसला की बाकीचे दोन तुकडे छातीवर फळ्या ठोकल्यासारखे दिसतात. डाव्या-उजव्या तुकड्यांना Edit > Puppet Warp घ्या, तिन्ही खुंट्यांच्या जागी पिना टोचा आणि एकेक पिन फोटोतल्या खऱ्या जागेवर न्या. शर्टाची कॉलर शालीच्या वर राहू द्या. खोक्यातून काढलेल्या शालीवर इस्त्रीच्या घडीच्या सरळ रेघा असतात. त्या अंगावर तशाच सरळ राहिल्या की शाल पुठ्ठ्याची वाटते. फोटो काढण्याआधी शाल झटकून घ्या.

शाल जास्त ताणली का, हे काठ सांगतो. काठाची रुंदी एका ठिकाणी दोन बोटं आणि दुसऱ्या ठिकाणी चार बोटं झाली असेल, तर तिथे ओढाताण झाली आहे. ती पिन मागे घ्या.

पाठवण्याआधी

चित्राची एक प्रत करून ती Image > Image Rotation > Flip Canvas Horizontal ने उलटी करा. डोळ्यांना सवय झालेली असते, ती मोडते आणि चूक दिसते. मग वर Black & White चा लेयर टाका. रंग गेले की फेट्यावरचा उजेड एका बाजूने आणि चेहऱ्यावरचा दुसऱ्या बाजूने असेल तर लगेच कळतं.

आणि एक गोष्ट, जी मी सगळ्यात आधी करायला हवी होती. सरांना बॅनर आधी दाखवायचं नव्हतं, म्हणून दुसऱ्या वेळी मी काकूंना विचारलं. त्या म्हणाल्या, "मुलीच्या लग्नात बांधला होता त्यांनी फेटा, तसाच असू दे. पण फार मोठा तुरा नको, त्यांना आवडत नाही." मी तुरा लहान केला. काही जण आयुष्यभर पांढरी टोपी घालतात, काहींना फेटा नकोच असतो. त्यांच्या डोक्यावर आपण संगणकात काहीही ठेवू शकतो, म्हणून ठेवायचं नसतं. घरचे नको म्हणाले तर नुसती शाल पुरते.

कार्यक्रमाच्या दिवशी सर बॅनरसमोर थांबले, वर बघितलं आणि काकूंना म्हणाले, "हा फोटो कधी काढला गं?"

काकूंनी माझ्याकडे बघितलं. मी खुर्च्या मांडायला निघून गेलो.