एका खाणीचे दोन परतावे

खाणीचा हिशोब मांडून पाहू. आज 100 लाख गुंतवले, वर्षाने 230 लाख आले आणि दुसऱ्या वर्षाअखेर खड्डे बुजवून जमीन पूर्ववत करायला 132 लाख गेले. यातून परतावा किती टक्के?

ज्या व्याजदराने येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्या रकमांचे आजचे मूल्य शून्य होते, तो अंतर्गत परतावा दर, म्हणजे आयआरआर. इथे 10 टक्के धरले तरी बेरीज शून्य येते, 20 टक्के धरले तरी शून्यच. रकमांचे चिन्ह दोनदा बदलते (उणे, अधिक, पुन्हा उणे), म्हणून समीकरणाला दोन उत्तरे मिळतात. एक्सेल त्यांतले एकच दाखवते, आणि धोका तिथेच आहे.

समजा, पैसा 8 टक्क्यांनी मिळतो. दोन्ही उत्तरे 8 च्या वर, म्हणजे प्रकल्प घ्यावा असे वाटेल. पण 8 टक्क्यांनी आजचे मूल्य काढले तर सुमारे 20 हजार रुपयांचा तोटा निघतो!

सुधारित दर, म्हणजे एमआयआरआर, खर्च एका टोकाला आणि उत्पन्न दुसऱ्या टोकाला नेतो. शेवटचे 132 लाख आजच्या मोलाने 113.17 लाख, म्हणून एकूण खर्च 213.17 लाख. 230 लाख वर्षभर 8 टक्क्यांनी गुंतवले की 248.40 लाख होतात. आता चिन्ह एकदाच बदलते आणि उत्तरही एकच येते, सुमारे 7.95 टक्के. ते 8 पेक्षा कमी, म्हणून नकार.

अर्थात हे 8 टक्के आपणच ठरवलेले आहेत. म्हणून अहवालात एमआयआरआर दिसला, तर तो कोणत्या दराने काढला हे आधी विचारा.